टेलिग्राम चॅनल: युझरनेमवाली लिंक की इन्व्हाईट लिंक?

ऐरोलीची आमची वहिनी डब्याचा धंदा करते, रोजचा मेनू चॅनलवर टाकायचाय पण लिंक कुठली ठेवू यावर अडून बसलेली.

पब्लिक चॅनलची युझरनेमवाली लिंक म्हणजे `t.me/नाव`, नाव इंग्लिशमध्येच. ते डब्याच्या स्टिकरवर छापता येतं, तोंडी सांगता येतं, सर्चमध्येही सापडतं आणि जॉइन न होता कुणीही मेनू बघू शकतं. पण नंतर नाव बदललंत की छापलेले सगळे स्टिकर वाया, जुनं नाव दुसऱ्या कुणी उचललं तर गिऱ्हाईक थेट त्याच्या दारात! म्हणून नाव आधीच नीट ठरवा.

प्रायव्हेट चॅनलची इन्व्हाईट लिंक म्हणजे `t.me/+` आणि पुढे अगम्य अक्षरं, तोंडी सांगणं विसराच. पण तिला मुदत घालता येते, किती जणांनी जॉइन व्हायचं ते ठरवता येतं, ॲडमिनची मंजुरी लावता येते. आता समजा वहिनीने महिन्याचे पैसे भरणाऱ्या ३० जणांसाठी वेगळं चॅनल काढलं आणि कुणीतरी लिंक सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली, तर ती रद्द करून नवी काढायची, जुनीवरून कोणी येत नाही. मात्र आधीच घुसलेले आपोआप जात नाहीत हं, त्यांना एकेक करून काढावं लागतं, त्यामुळे मंजुरी पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवलेली बरी.

नवीन गिऱ्हाईक हवं असेल तर पब्लिक, पैसे भरलेल्यांपुरतंच किंवा सोसायटीच्या नोटिसांसाठी असेल तर प्रायव्हेट. वहिनीने मेनू पब्लिक ठेवलाय.