डेबिट कार्डातून अनोळखी पैसे कापले गेले: हेल्पलाईन, ईमेल की शाखेत लेखी अर्ज?

प्रश्न साधा असतो, मेसेज आला की अमुक रुपये कापले, आपण कुठे काही घेतलेलं नाही, मग आता फोन करायचा, मेल टाकायचा की सकाळी उठून शाखेत अर्ज नेऊन द्यायचा? गावाकडे बहुतेक लोक तिसरं करतात, कारण मॅनेजर ओळखीचा असतो. माझं मत सरळ आहे, फोन आधी आणि अर्ज नंतर, पण अर्ज हवाच. दोघांची कामं वेगळी आहेत.

आधी दिवसांचं गणित. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तसंच डिसेंबर २०१७ चं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या कुणीतरी कार्डाची माहिती पळवली, अशा केसमध्ये बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी, शून्य बॅलन्सवाल्या जनधनसारख्या खात्याला ५,०००. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. चूक बँकेचीच असेल तर मात्र उशिरा कळवलं तरी तुमची जबाबदारी शून्यच. हे आकडे २०१७ च्या चौकटीतले, त्यामुळे तुमच्या बँकेच्या साईटवर ग्राहक संरक्षण धोरणाची सध्याची प्रत एकदा बघाच. त्याच दिवशी कळवणारा कुठल्याही धोरणात बसतो.

आता यातली मेख. १०,००० ची मर्यादा प्रत्येक व्यवहाराला आहे, सगळ्यांना मिळून नाही. म्हणजे १४,८०० चा एक व्यवहार झाला आणि पाचव्या दिवशी कळवलंत तर ४,८०० परत, पण ९,००० चे तीन व्यवहार झाले असतील तर नियमाने अख्खे २७,००० तुमच्यावर येऊ शकतात, कारण एकेक व्यवहार मर्यादेच्या आतला आहे. लहान रक्कम आहे, बघू नंतर, असं म्हणणाऱ्यालाच चौथा दिवस सगळ्यात महाग पडतो.

दिवस कसे मोजायचे? मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे. समजा खातं कुडाळच्या शाखेत, गणपतीच्या आधीच्या गुरुवारी रात्री ९ ला १४,८०० कापल्याचा मेसेज आला. शुक्रवार पहिला दिवस, शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून बंद, रविवार बंद, सोमवारी चतुर्थी, मंगळवार दुसरा दिवस, बुधवार तिसरा. कागदावर बुधवारपर्यंत मुदत. पण खातं गोव्यातल्या शाखेत असेल तर सुट्ट्या तिकडच्या लागतात, तेव्हा सावंतवाडीत राहून इथल्या सुट्ट्या मोजत बसू नका.

मुदत बुधवारपर्यंत आहे म्हणून आरती उरकून निवांत मंगळवारी शाखेत गेलं तर काय बिघडलं? इथेच फोन आणि अर्ज यांच्यातला फरक येतो. शाखा बंद असलेल्या तीन दिवसांत कार्ड चालूच राहतं. हेल्पलाईन चोवीस तास असते, कार्ड लगेच ब्लॉक होतं, तक्रार क्रमांक मिळतो. आणि समजा घरातल्या कुणी ओटीपी सांगून टाकलेला असेल, तर नियम असा की कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे अशा वेळी दिवस नाही, मिनिटं मोजली जातात. ९ वाजून १० मिनिटांनी फोन झाला आणि ९:२५ ला आणखी पैसे गेले तर ते नंतरचं नुकसान बँकेचं. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या, नेटवर शोधून नको, तिथे चोरच फोन उचलतात.

मग फोनमध्ये कमी काय? पुरावा. तुम्ही काय सांगितलंत त्याचं रेकॉर्डिंग बँकेकडे, तुमच्या हातात फक्त एक नंबर. फोनवाल्याने तक्रार 'व्यवहार फेल झाला' या खान्यात टाकली तर गाडी भलत्याच रुळावर जाते, कारण फेल व्यवहाराचे नियम वेगळे आहेत. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. ते प्रकरण आणि हे प्रकरण एक नव्हे. म्हणून आपल्या शब्दांत लिहून देणं महत्त्वाचं.

लिहून देण्यात ईमेल विरुद्ध कागद. ईमेलवर तारीख आणि वेळ आपोआप पडते, रात्रीही जातो, चाकरमानी पोराला मुंबईत बसून आईसाठी मजकूर तयार करता येतो. फक्त तो आईच्या, बँकेत नोंदवलेल्या मेलवरूनच जाऊ दे, आणि बऱ्याच वयस्कर खातेदारांचा मेल नोंदवलेलाच नसतो हीच अडचण. तिथे कागद जिंकतो. दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. तोंडी 'ठेवा, बघतो' म्हणाले तर अर्ज दिला असं धरू नका. स्पीड पोस्ट मी शेवटचा पर्याय मानतो, टाकला शुक्रवारी आणि पोचला मुदतीनंतर, तर वाद कोण घालत बसणार.

अर्जात इतकं पुरतं:

> शाखाधिकारी यांस. माझ्या बचत खाते क्र. … वरून (कार्डाचे शेवटचे ४ अंक …) दि. … रोजी रात्री ९:०० वाजता … या नावाने १४,८०० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. हा व्यवहार मी केलेला नाही, त्याला परवानगी दिलेली नाही. कार्ड माझ्याजवळच आहे, पिन किंवा ओटीपी कुणालाही दिलेला नाही. त्याच दिवशी ९:१० वाजता हेल्पलाईनला कळवले, तक्रार क्र. …. हा अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार म्हणून नोंदवावा, कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून धरून जमा करावी आणि निर्णय लेखी कळवावा. सोबत मेसेज व पासबुकाची प्रत.

पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन यातलं काहीही लिहू नका. आणि 'ओटीपी दिलेला नाही' हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. बँकेचा छापील फॉर्म समोर आला तर वाचून सही करा, त्यात 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असा एखादा रकाना असला तर आपल्या केसला लागू नसलेला खोडा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकलीय.

ते १० दिवसांत जमा होणारे पैसे तात्पुरते असतात, चौकशी बाकी असते, तर लगेच खर्चून मोकळे होऊ नका. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, नाही संपली तर ग्राहकाला नियमाप्रमाणे भरपाई द्यायची. आधी एफआयआर आणा मग बघू, असं काउंटरवर ऐकायला मिळालं तर सांगा की १० दिवस बँकेला कळवल्यापासून मोजायचे आहेत. सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर, म्हणजे १९३० वर, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार जरूर करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवायला तिचा उपयोग होतो, पण ती बँकेला दिलेली सूचना नव्हे, दोन्ही वेगवेगळं करायचं.

एक अपवाद. दुकान ओळखीचं, पैसे तुम्हीच दिले, पण दोनदा कापले किंवा माल आलाच नाही, तर वरचा अर्ज चालणार नाही, ती व्यापाऱ्याशी वादाची तक्रार, तिला चार्जबॅक मागायचा, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत. आणि नाव अनोळखी वाटलं तरी होमस्टे किंवा पेट्रोल पंपाचं बिल मालकाच्या कंपनीच्या भलत्याच नावाने येतं हे डोक्यात ठेवा. खात्री होईपर्यंत ॲपमधून कार्ड बंद ठेवायला मात्र काहीच जात नाही, नंतर चालू करता येतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. तिथे आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा ती शिक्क्याची प्रत स्कॅन करून जोडायची.