पीएस५, आठ महिने, ऐरोलीचा उकाडा: फॅन का ओरडत होता ते शेवटी कळलं

पाडव्याला घेतलेला पीएस५, आता दिवाळी झाली. खेळायला मस्तच आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही, मला फक्त फॅनबद्दल लिहायचंय कारण मे महिन्यात आवाज इतका वाढला की टीव्हीचा व्हॉल्यूम १८ वरून ३० वर न्यायला लागायचा आणि मी जवळजवळ सर्व्हिस सेंटरला निघालोच होतो.

आधी मला वाटलेलं धूळ. ठाणे-बेलापूर रोड जवळच, खिडकी उघडी ठेवली की दुपारपर्यंत टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येतं. पण कन्सोल जेमतेम दोन महिन्यांचा, एवढी धूळ आत जाणार कशी? मग तीनशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर आणलं, तापमान आणि ह्युमिडिटी दोन्ही दाखवणारं, आणि टीव्ही युनिटच्या ज्या खणात कन्सोल आडवा ठेवलेला तिथेच आत ठेवलं. हॉलमध्ये ३२ डिग्री होतं. पाऊण तास गेम चालवल्यावर खणात ४२! कंपनी म्हणते आजूबाजूची हवा ३५ पर्यंत चालेल. म्हणजे फॅन बिघडलेला नव्हताच, तो मागून फेकलेली गरम हवा खणातच अडकून पुढून परत आत ओढली जात होती आणि त्याच गरम हवेने चिप थंड करायची म्हणून बिचारा जोरात फिरत होता. फॅनचा स्पीड थोडा वाढला तरी आवाज खूप वाढतो, दुप्पट स्पीडला साधारण १५ डेसिबलने.

मग बाहेर काढला, युनिटच्या वर, स्टँडवर उभा, मागे भिंतीपासून वीतभर जागा (कमीत कमी १० सेंमी तरी सोडाच, मी २० सोडलीय). त्याच हॉलमध्ये, तोच गेम, पाऊण तासाने शेजारी ठेवलेलं थर्मामीटर ३४ आणि व्हॉल्यूम परत १८. खणाचं दार उघडं ठेवूनही बघितलं होतं, थोडाच फरक पडला, कारण मागची बाजू बंदच होती ना. युनिटच्या मागचा प्लाय कापायचा विचार असेल तर आधी बाहेर ठेवून बघा.

एक गोष्ट आईशी बोलून सोडवावी लागली. ती धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल घालायची आणि रेस्ट मोडमध्ये डाउनलोड चालू असताना पण तो तसाच. मी सांगितलं, "आई, बंद असेल, प्लग काढलेला असेल तेव्हा खुशाल घाल, चालू असताना नको." आता तसंच करते. आणि देव्हारा शेजारीच होता, उदबत्तीचा धूर चिकट असतो, कन्सोल दुसऱ्या टोकाला हलवला.

पावसाळ्यात मात्र खरी धूळ बसली. दमट हवेने फॅन तापत नाही, पण ओलसर धूळ कोरड्या धुळीसारखी उडून जात नाही, कापसाच्या वातीसारखी पात्यांना चिकटून बसते. ऑगस्टमध्ये जागा तीच असून आवाज हळूहळू वाढला, मग साफ केला. प्लग काढला, अर्धा तास थांबलो, बाजूची दोन्ही कव्हरं काढली (कोपरा उचलून सरकवायचं, स्क्रू नाहीत). आत धूळ जमायला दोन भोकं मुद्दाम दिलीत, तिथे व्हॅक्युमचं बारीक नोझल लावलं, आणि पाती पेंटच्या मऊ ब्रशने, ती बोटाने धरून ठेवून. धरायची का, तर व्हॅक्युमने किंवा ब्लोअरने फॅन भणाणून फिरला की बेअरिंग खराब होऊ शकतं. दिवाळीच्या साफसफाईचा ब्लोअर तर नकोच, तो धूळ आत ढकलतो. ओलं फडकं, स्प्रे काही नाही. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांनी, एरवी तीन-चार महिन्यांनी पुरतं.

अजून एक, एसी. २२ वर लावून रात्री खोली गार केली, मग बंद करून खिडकी उघडली तर जुलैच्या हवेतलं पाणी गार वस्तूंवर धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. कन्सोल पण गारच असतो. म्हणून अशा वेळी तासभर थांबूनच ऑन करतो. चालू असताना एसी असेल तर काही प्रॉब्लेम नाही, उलट चांगलंच, फक्त एसीचा गार झोत थेट त्याच्यावर नको.

आता आवाज कुठला ते कसं ओळखायचं. डिस्क टाकल्यावर सुरुवातीला घरघर येते ती ड्राइव्हची, फॅनची नाही. गेम सुरू झाल्यावर वीस मिनिटांत हळूहळू सूं वाढत गेला तर उष्णता, जागा बघा. ऑन करताक्षणी, होम स्क्रीनवरच, गार खोलीत सुद्धा टकटक किंवा खरखर असेल तर बेअरिंग किंवा काहीतरी पात्यांना घासतंय. आणि मोकळी जागा, स्वच्छ फॅन, गार खोली असूनही जोरात ओरडत असेल तर आतल्या चिपवरचा लिक्विड मेटलचा भाग तपासायला लागतो, तो घरी उघडू नका, वीज वाहणारा पदार्थ आहे, सांडला तर बोर्डच जातो.

काल रात्री बाहेर ३० डिग्री, ७८ टक्के ह्युमिडिटी, दोन तास खेळलो, व्हॉल्यूम १८.