दोन फोटोग्राफर, एक कार्यालय आणि हिरव्या चुड्याचा रंग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लग्न मे महिन्यातलं, कळंबा रस्त्यावरच्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. अल्बम हातात येऊन आता बरेच महिने झाले आहेत, पाहुण्यांच्या हातून तो शंभरदा फिरला आहे. फोटोग्राफर ठरवताना कोल्हापुरातल्याच दोघांचे नमुने समोर होते आणि दोघांचे दरही जवळपास सारखे होते. त्यामुळे निवड फक्त फोटो बघून करायची होती. ती कशी केली, त्यातलं काय बरोबर ठरलं आणि काय चुकलं, ते इथे लिहितो. नावं देत नाही. दोघेही आपापल्या जागी चांगलं काम करतात आणि मुद्दा त्यांच्या नावाचा नाहीच.

पहिल्याचे फोटो बघताक्षणी आवडण्यासारखे होते. मऊ, थोडे तपकिरी झाकेचे, सावल्या गडद, पार्श्वभूमी धूसर. नवरीला हाच बाज हवा होता. दुसऱ्याचे फोटो त्यांच्याशेजारी साधे वाटायचे: उजळ, रंग जसेच्या तसे, मागची माणसंही स्पष्ट. मोबाइलवर दोन्ही ठेवले की दहापैकी आठ जण पहिल्याकडे बोट दाखवत होते.

पण ते निवडक चाळीस फोटो वेगवेगळ्या पंचवीस लग्नांतले असतात आणि त्यात सर्वात सोप्या उजेडातले जास्त येतात. म्हणून दोघांकडे एकच मागणी केली: एका लग्नाचे, गिऱ्हाइकाला दिलेले सगळे फोटो दाखवा, आणि ते लग्न बंद हॉलमध्ये दुपारच्या मुहूर्ताचं असावं. फोटो व्हॉट्सॲपवर घेतले नाहीत, कारण तिथे ते दाबले जातात आणि शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता किती ठेवली होती, ही माहिती निघून जाते. ड्राइव्हच्या लिंकवरून मूळ फाइल घेतली की गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवल्यावर ती माहिती खाली दिसते. (दुसऱ्यांच्या घरचे फोटो असल्यामुळे काहींना लिंक द्यायला संकोच वाटतो. तेव्हा त्यांच्या स्टुडिओत बसून त्यांच्याच कॉम्प्युटरवर बघावेत. तेवढ्यानेही काम होतं.)

त्याआधी एक फेरी कार्यालयात मारली, दुसऱ्या कुणाचं लग्न चालू असताना, बरोबर साडेबाराच्या सुमाराला. उजेड तीन प्रकारचा होता. डाव्या बाजूच्या मोठ्या दारांतून पांढरा दिवसाचा उजेड, छतात पिवळसर एलईडी, आणि स्टेजवर समोरून मारलेले निळे-जांभळे पार लाइट. छत साधारण १४ फुटांवर, त्यावर सोनेरी-तपकिरी रंगाचं पीओपी. मागे फुलांच्या सजावटीत एलईडीच्या माळा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/५०० सेकंद केलं, तर पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले. याचं कारण असं: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत उजेडाची पूर्ण फेरी येते आणि सगळं समान दिसतं. त्याहून वेगवान शटर मारलं की फोटोच्या एका पट्ट्यावर उजेड जास्त, दुसऱ्यावर कमी.

लग्नात हे नेमकं अक्षता पडताना नडतं. हवेतल्या अक्षता स्पष्ट हव्या असतील तर वेगवान शटर लागतं, आणि ते मारलं की पट्टे येतात. १/१०० वर ठेवलं तर अक्षतांच्या रेघा होतात. यातून वाट एकच, फ्लॅश. फ्लॅशचा लखलखाट अत्यंत कमी वेळ टिकतो, तो अक्षता हवेत थांबवतो, आणि शटर मात्र संथ ठेवता येतं. म्हणून दोघांच्या नमुन्यांत आम्ही अक्षतांचे सलग चार-पाच फोटो शोधले. पहिल्याच्या मालिकेत एक फोटो पिवळट, पुढचा अंधारलेला, तिसऱ्यात वरच्या भागावर करडी पट्टी. माहिती उघडली तर शटर १/६४०, फ्लॅश बंद. दुसऱ्याचे पाचही फोटो सारखे, शटर १/१००, फ्लॅश चालू, आणि दाणे वेगळे मोजता येत होते.

पुढचा प्रश्न, फ्लॅश कुठून मारतो? पांढऱ्या, १०-१२ फुटी छतावर तो उलटा मारला की मऊ उजेड खाली येतो. पण छत तपकिरी असेल तर खाली येणारा उजेडही तपकिरीच, आणि तो चेहऱ्यावर बसतो. थेट समोरून मारला तर नाक चमकतं, भिंतीवर काळी सावली उमटते आणि तिसऱ्या रांगेतली आत्या अंधारात जाते. हे ओळखायला नवरीच्या डोळ्यांत बघायचं. फोटो पूर्ण मोठा केला की बुबुळात उजेडाचे ठिपके दिसतात. मधोमध एकच बारीक ठिपका असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून थेट आला आहे. दुसऱ्याच्या फोटोंत दोन मोठे ठिपके होते, दोन बाजूंना, थोडे वर. म्हणजे स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर छत्री लावून फ्लॅश उभे केलेले. विचारल्यावर त्याने सांगितलं की त्यावर फिकट नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पापुद्रा लावतो, त्यामुळे फ्लॅशचा पांढरा उजेड हॉलच्या पिवळ्या उजेडाशी जुळतो. आमच्या छताला ही पद्धत लागू पडणारी होती.

रंगाची पारख मात्र सगळ्यात जास्त वेळ घेऊन केली, कारण तिथेच आवड आणि उजेड यांची गाठ पडते. मराठी लग्नात रंग मोजायला आयतीच साधनं असतात. अंतरपाट पांढरा असतो, चुडा हिरवा असतो, हळद पिवळी असते. या तिन्हींचे खरे रंग सगळ्यांच्या डोळ्यांत पक्के बसलेले आहेत, त्यामुळे फोटोवर काय संस्कार झाले हे लगेच कळतं. रंगाचे आकडे दाखवणारं मोफत ॲप घेतलं आणि अंतरपाटाच्या उजळ भागावर बोट ठेवलं. पहिल्याकडे लाल २३४, हिरवा २१६, निळा १८३. दुसऱ्याकडे २२९, २२५, २१७. पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळजवळ हवेत. दुसऱ्याचा किंचित उबदार आहे, चेहऱ्याला तेवढं चांगलंच दिसतं. पहिल्याचं पांढरं कापड लोण्याच्या रंगाचं झालेलं होतं.

एकट्या अंतरपाटावरून निकाल देऊ नये, कारण पिवळी झाक मुद्दाम ठेवलेली असू शकते आणि ती कमी करता येते. चुडा बघितल्यावर खरी गोष्ट उघडी पडली. तपकिरी, मऊ बाज आणण्यासाठी हिरवा रंग बहुतेक वेळा दाबला जातो. झाडं-गवत त्याने छान शांत दिसतात, पण त्याच दाबाखाली चुडा शेवाळी होतो, आणि हिरव्या शालूचा रंग कुठला हे सांगता येत नाही. पहिल्याच्या फोटोंत हळदीचा पिवळाही मोहरीच्या फोडणीसारखा काळपट नारिंगी झाला होता. नवरीचा शालू हिरवा-जांभळा, काठ सोन्याचा. तिला ते फोटो दाखवून एवढंच विचारलं, “तुझा शालू असा दिसला तर चालेल का?” निवड तिथे झाली.

निळ्या पार लाइटबद्दल एक खूण सांगण्यासारखी आहे. गडद निळा-जांभळा उजेड चेहऱ्यावर पडला की त्या फोटोत त्वचेचा लाल रंग जवळपास नोंदलाच जात नाही, मग नंतर कितीही दुरुस्ती केली तरी तो आणता येत नाही. असे फोटो वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे ते काळे-पांढरे करणं. म्हणून स्टेजवरच्या फोटोंत काळे-पांढरे किती हे मोजावं. पहिल्याच्या एका रिसेप्शनमध्ये स्टेजवरचा जवळपास प्रत्येक तिसरा फोटो काळा-पांढरा होता. दुसऱ्याकडे मोजके होते, पण निळे चेहरे त्याच्याकडेही होते. हा दोष फोटोग्राफरच्या हातात नसतो. आम्ही डेकोरेशनवाल्याला लेखी सांगितलं की विधी संपेपर्यंत समोरचे पार लाइट उबदार पांढऱ्यावर ठेवायचे, रंगीत फक्त मागच्या पडद्यावर मारायचे. त्याला त्यासाठी रिमोटवर एक बटण दाबावं लागलं.

पहिल्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहितो. त्याचं उघड्या लॉनवरचं, गोरज मुहूर्ताचं एक लग्न बघितलं होतं. मावळतीचा एकाच बाजूने येणारा उजेड, मागे झाडं, रंगीत दिवे नाहीत. ते फोटो दुसऱ्याला काढता आले नसते. लग्न पन्हाळ्याच्या पायथ्याशी मोकळ्यावर संध्याकाळी असतं, तर त्यालाच बोलावलं असतं.

दुसऱ्याला ठरवताना नवरीच्या आवडीसाठी एक अट घातली: फक्त जोडीचे ४० फोटो मऊ झाकेत वेगळे द्यायचे, पण त्यात हिरव्याला हात लावायचा नाही. त्याने आधी तीन फोटो तसे करून दाखवले. अशी अट घालायची तर नमुना आधीच बघावा, कारण ‘मऊ’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा.

आता आठ महिन्यांनी काय दिसतं? मुहूर्ताचे आणि स्टेजवरचे फोटो अपेक्षेइतके उतरले, पट्टे एकाही फोटोत नाहीत. कोल्हापुरी साजातली पानं वेगवेगळी दिसतात, सोन्यावर पांढरा डाग पडून तपशील गेलेला नाही. पण हळद अंगणात सकाळी ११ वाजता होती, मांडवावर पिवळं कापड होतं, आणि तिथे दुसरा कमी पडला. पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर बसला आणि डोळ्यांखाली सावल्या राहिल्या. आम्ही नमुने फक्त हॉलचे तपासले, हळदीचे वरवर बघितले, ही आमची चूक. मांडवाला पांढरं कापड लावलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. रात्रीच्या वरातीतही नाचणारी माणसं १/६० शटरमुळे बरीच हललेली आहेत.

अल्बम १२ बाय ३६ इंचांचा. कागद मोबाइलसारखा स्वतः उजळत नाही, त्यामुळे पडद्यावर ठीक वाटणारा गडद फोटो छापल्यावर आणखी गडद दिसतो. नमुने बघताना फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणला होता, ते उपयोगी पडलं: पहिल्याच्या फोटोंत त्या उजेडात नवरदेवाची काळी शेरवानी आणि मागचा पडदा एक होत होते. दोघांच्याही छापलेल्या अल्बमचं एक पान खिडकीपाशी नेऊन बघितलं होतं, तेही करावंच. स्टुडिओतल्या स्पॉटलाइटखाली कुठलाही अल्बम उठून दिसतो.

दिवाळीत शालू कपाटातून काढला तेव्हा तो आणि चुड्यातली एक बांगडी, दोन्ही खिडकीच्या उजेडात अल्बमच्या मुहूर्ताच्या पानाशेजारी ठेवून बघितलं. बांगडीचा हिरवा जवळजवळ तोच आहे. शालूचा जांभळा कागदावर किंचित निळ्याकडे झुकला आहे.