आवाज कळतो, शब्द कळत नाही: श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट?

ऑडिटरी न्यूरोपथी म्हणजे कानात आवाज पोचतो, पण नस तो मेंदूकडे नीट पोचवत नाही. अशा मुलाचे आईवडील पहिल्यांदा गोंधळतात ते रिपोर्ट हातात आल्यावर. आतल्या कानाचा प्रतिसाद तपासणारी ओएई चाचणी ‘पास’, आणि डोक्याला तारा लावून नसेचा प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीत मात्र ९० डेसिबलच्या मोठ्या आवाजालाही रेघ सपाट. दोन्ही रिपोर्ट खरेच असतात. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी नीट काम करतात म्हणून ओएई येते. पण तिथून पुढे नसेतून जाणारे संदेश एका ठेक्यात जात नाहीत. बेराला तो ठेका लागतो. हजारो तंतू एकाच क्षणी उठले तरच तिथे लाट दिसते.

आता मुख्य अडचण. नेहमीच्या बहिरेपणात बेरावरून किती डेसिबलला ऐकू येतं याचा अंदाज येतो आणि त्यावरून यंत्र लावता येतं. इथे सपाट रेघ काहीच सांगत नाही. मुलाला जवळजवळ नेहमीसारखं ऐकू येत असेल किंवा अजिबात नसेल, रेघ तीच. म्हणून केवळ बेरा बघून तान्ह्या बाळाला मोठ्या ताकदीचं यंत्र कुणी सुचवलं, तर थांबा. बाळ साधारण सहा ते नऊ महिन्यांचं झालं की आवाजाकडे मान वळवतं, त्यावरून खरी पातळी मोजता येते. कमी दिवसांच्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या काही बाळांची बेरा पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारतेही.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. तरी ते आधी वापरून पाहावं असंच मी सांगेन, कारण त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, काढून ठेवता येतं आणि काही मुलांना त्याचा चांगला फायदा होतो. तो कुणाला होईल हे ऑडिओग्राम, म्हणजे किती डेसिबलला ऐकू येतं याचा आलेख, बघून सांगता येत नाही, आणि खरी चिडचिड तिथेच आहे. सारखाच आलेख असलेल्या दोन मुलांपैकी एक बोलू लागतं, दुसरं नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवतात. त्यात केसपेशी आणि नसेशी त्यांचा जोड हे दोन्ही टप्पे वगळून नसेला थेट विजेचे ठोके दिले जातात. त्या ठोक्यांवर तंतू एकत्र उठू शकतात, म्हणजे हरवलेला ठेका काही प्रमाणात परत मिळतो. बिघाड त्या जोडावर असेल, उदाहरणार्थ ओटीओएफ जनुकातल्या दोषामुळे, तर निकाल बहुधा उत्तम. पण नसच बारीक असेल किंवा नसेलच, तर महागडं इम्प्लांटही हात टेकतं. म्हणून निर्णयाआधी एमआरआय हवाच. शिवाय इम्प्लांट बसवलेल्या कानातलं उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं बऱ्याचदा जातं, हेही आधीच समजून घ्या.

एक उदाहरण घेऊ. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा, कावीळ झालेली, वरच्यासारखेच रिपोर्ट. आठव्या महिन्यात पातळी ५० डेसिबलच्या आसपास आली, यंत्र लागलं. अडीच वर्षांचा झाला तेव्हा शेजारच्या खोलीतून हाक मारली की वळायचा. घरचे म्हणत, ‘ऐकतो की!’ मग आईने तोंडापुढे कागद धरला, समोर दोन चित्रं ठेवली: पान आणि कान. एकेक शब्द म्हणत वीस वेळा विचारलं. अकरा बरोबर. नाणं उडवूनही साधारण तेवढेच येतात. कागद काढला, ओठ दिसू लागले, तेव्हा अठरा बरोबर. दोन्ही शब्दांतला ‘आन’ सारखाच, फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनाचा, आणि तो काही मिलिसेकंदांत उरकतो. नेमकी तीच वेळ या नसेला पकडता येत नाही.

इथे ५० डेसिबलचा आलेख बघून ‘इम्प्लांटएवढं काही नाही’ म्हणणारे भेटतील. मी त्यांच्या बाजूने नाही. यंत्र दिवसभर घालून, नियमित थेरपी घेऊनही शब्द ओळखता येत नसतील आणि एमआरआयमध्ये नस नीट दिसत असेल, तर एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्यात यंत्र हा पर्याय मला पटतो. यंत्रावर शब्द वाढत असतील तर मात्र घाई नको. दर तीन महिन्यांनी तीच चित्रं, तोच कागद, आणि आकडे वहीत.

कोणताही मार्ग घेतला तरी गोंगाटात ही मुलं हरतात. शिक्षकांच्या गळ्यातला रिमोट माइक बोलणं थेट यंत्रात किंवा इम्प्लांटमध्ये पोचवतो, वर्गात त्याचा उपयोग मोठा. आणि निर्णय होईपर्यंतच्या महिन्यांत खुणा, हावभाव, ओठ दिसतील असं समोर बसून बोलणं चालूच ठेवा. खुणांमुळे मूल बोलायचं थांबेल ही भीती अनेक घरांत असते, पण थांबून राहते ती भाषा, जेव्हा ती कुठल्याच वाटेने आत जात नाही.