९५ टक्के विन रेटवाल्या अल्गोने मला कसं गंडवलं

सात रस्त्याजवळच्या एका क्लासवाल्याकडून मी १८ हजाराला अल्गो घेतला, म्हणजे शेअर १ टक्का वर गेला की आपोआप विकणारा प्रोग्राम. त्याने मोबाईलवर क्लोज झालेल्या ४० ट्रेडची लिस्ट दाखवली, ३८ हिरवे, २ लाल, "आता काय बघायचंय अण्णा, विन रेट ९५ टक्के!" आणि मी पण शाळेत गणितात पहिला आलेला माणूस, तिथल्या तिथे चहा पीत हिशोब केला की!

एका ट्रेडमध्ये ४० हजार, म्हणजे जिंकलेल्यात सरासरी ४०० फायदा, ३८ चे झाले १५,२००. दोन लालमध्ये १,९०० प्रमाणे ३,८०० गेले. फायद्याची बेरीज भागिले तोट्याची बेरीज म्हणजे प्रॉफिट फॅक्टर बरोबर ४. उरलेले ११,४०० भागिले ४०, एक्सपेक्टन्सी दर ट्रेडला २८५. फक्त पेऑफ रेशो, म्हणजे सरासरी फायदा भागिले सरासरी तोटा, ०.२१ येत होता, म्हणजे एक तोटा जवळपास पाच फायदे गिळतो, तिथंच खटकायला पाहिजे होतं, पण ९५ चा आकडा डोक्यात बसलेला.

तीन महिन्यांनी माझ्या खात्यात पण जवळपास तेच, ४० क्लोज, ३८ हिरवे. पण पैसे वाढेनात. मग एका रात्री ट्रेडची लिस्ट सोडून होल्डिंगचा टॅब उघडला तर तिथं तीन शेअर पडलेले, दीड-दोन महिन्यांपासून, तिन्ही मिळून १५,५०० च्या खड्ड्यात. अल्गोला स्टॉपलॉसच नव्हता ओ! पडला की विकायचाच नाही, मग तो ट्रेड क्लोज होत नाही, आणि क्लोज नाही म्हणजे लिस्टमध्ये येतच नाही. माझ्या लिस्टमधले दोन लाल पण पैसे लागले म्हणून मीच हाताने विकलेले.

तिन्ही आजच्या भावाने तोट्यात धरून परत मांडलं. ट्रेड ४३, विन रेट ८८.४. तोट्याची बेरीज १९,३००, प्रॉफिट फॅक्टर ०.७९. एक्सपेक्टन्सी दर ट्रेडला उणे ९५, ब्रोकरेज आणि टॅक्स अजून धरलाच नाही त्यात. सरासरी तोटा ३,८६०, फायदा ४००, मग नुसतं बरोबरीत सुटायला ३,८६० भागिले ४,२६०, म्हणजे ९०.६ टक्के ट्रेड जिंकावे लागतात, आणि आपण ८८ वर खूश!

त्यामुळे कुणी लिस्ट दाखवली तर त्याच तारखेचं होल्डिंग पण मागा, आणि ट्रेड किती दिवस चालले ते बघा, माझे हिरवे दोन-तीन दिवसांत सुटायचे. क्लासवाल्याला फोन केला तर म्हणला, "विकल्याशिवाय लॉस नसतो अण्णा." होल्डिंगमध्ये अडकलेल्या १ लाख २० हजारातून चादरीच्या सुताचं पेमेंट करायचं होतं ते कसं करायचं, हे काय त्याने सांगितलं नाही.