सहा जण, माणशी दीड हजार, तीन दिवस: राजमाची, हरिश्चंद्रगड की हरिहरेश्वर?

पुण्यातून जोडसुट्टीला निघताना ग्रुपवरची चर्चा बहुतेक वेळा प्रवासखर्चावर अडते. खरं तर लोकल आणि एसटी असताना प्रवास हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. पैसे जातात ते मुक्कामाला, आणि स्टँड किंवा स्टेशनपासून पुढच्या शेवटच्या टप्प्याला. म्हणून इथे तीन ठिकाणं त्याच दोन खर्चांवर तोलली आहेत. हिशेब सहा जणांचा आहे आणि दर अंदाजे धरलेत. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ते पक्के करावेत.

दीड हजारात दोन रात्री नीट बसवायच्या असतील तर राजमाची. पुणे-लोणावळा लोकल १५-२० रुपयांत होते. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या धरणावरून पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर चाल आहे. चढ फारसा नाही, पण पाठीवर सॅक असली की पाच तास लागतातच. त्यामुळे लोणावळा सकाळी आठच्या आत सोडायला हवं. दुपारी लोकल तुरळक असतात, म्हणून ‘जेवून निघू’ म्हणणारा ग्रुप अंधारात जंगलातल्या रस्त्यावर सापडतो. वाटेत वळवंड आणि ढाककडे जाणारे फाटे लागतात. तिथे अंदाजाने वळू नका, गावकऱ्याला विचारा. लोणावळ्याहून जीप करण्याचा मोह होईल, पण कच्च्या रस्त्यामुळे भाडं चढं असतं आणि पावसात गाडी मध्येच अडकू शकते. दीड हजाराचं गणित मोडतं ते इथेच.

उधेवाडीत घरगुती मुक्काम मिळतो. झोपायची जागा, दोन जेवणं आणि चहा-नाश्ता मिळून माणशी सहाशे धरा, म्हणजे दोन दिवसांचे बाराशे. रोख पैसे न्या. रेंजचा भरवसा नसल्याने फोनवरून पैसे देण्यावर विसंबू नका. मधला पूर्ण दिवस श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, तळं आणि गोधनेश्वराचं देऊळ यांत आरामात जातो. श्रीवर्धन संध्याकाळसाठी ठेवा आणि टॉर्च बरोबर घ्या.

परतताना त्याच वाटेने १५ किलोमीटर चालण्यापेक्षा कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरणं जास्त मजेचं. उतार तीव्र आहे आणि गुडघे बोलतात, पण अडीच-तीन तासांत खाली पोचता. तिथून रिक्षा वाटून घेऊन कर्जत. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कर्जत ते लोणावळा लोकल नाही. पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते आणि मुंबईची कर्जत-खोपोलीला. मधला बोरघाट इतका चढा आहे की गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यामुळे तिथून फक्त मेल-एक्स्प्रेस जातात. तेव्हा कर्जतहून तिकीट मेल-एक्स्प्रेसचंच काढा, आणि गाडी सुपरफास्ट असेल तर त्याचा अधिभारही भरा. साधं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसलात आणि टीसी भेटला, तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. वाचवलेलं सगळं तिथेच जातं. रिक्षा, परतीचं तिकीट आणि वडापाव मिळून माणशी अडीचशे धरले तर एकूण आकडा १४७० च्या आसपास येतो.

राजमाचीचा तोटा गर्दीचा. मेअखेर आणि जूनमध्ये काजव्यांसाठी आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी लोणावळा भरून वाहतं. जोरदार पावसात कोंदिवड्याची वाट निसरडी होते. तेव्हा आल्या वाटेने परतावं, चाल वाढली तरी चालेल.

हरिश्चंद्रगडाचा खर्चही साधारण याच घरात येतो, पण तो सगळ्यांसाठी नाही. वाकडेवाडीहून नाशिककडची एसटी पकडून आळेफाटा, तिथून कल्याणच्या दिशेच्या गाडीने खुबी फाटा, आणि मग पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत पाचेक किलोमीटर पायी. चढाई तोलार खिंडीतून चार-पाच तासांची आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा येतो, आणि वरच्या पठारावर धुकं उतरलं की वाट चुकते. ग्रुपमध्ये निम्मे जण पहिल्यांदाच ट्रेक करणार असतील तर हा पर्याय सोडा. पावसाळ्यात कोकणकड्यावर पोचूनही पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, असं बरेचदा होतं. गड खरा ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला. मात्र तेव्हा रात्री कडाक्याची थंडी असते, म्हणजे स्लीपिंग बॅग भाड्याने घेण्याचा खर्च आला. वर पिठलं-भाकरी मिळते.

हरिहरेश्वर या तिघांत सगळ्यात आरामाचं आणि सगळ्यात महाग. स्वारगेटहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा पाच-सहा तासांचा रस्ता आहे. एसटीचे जाऊन-येऊन साधारण सहाशे धरा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ग्रुपमध्ये मुली असतील तर त्यांच्यापुरते तीनशे वाचतात. थेट गाडी भरली असेल तर श्रीवर्धन गावाची पकडा, पुढचा टप्पा छोटा आहे.

अडचण खोलीची. जोडसुट्टीत खोलीचे दर वाढतात. तिघांची खोली दोन हजाराला मिळाली तरी दोन खोल्यांचे दोन रात्रींचे आठ हजार, म्हणजे माणशी १३३३. जेवणाचे नऊशे धरले की एकूण २८०० च्या वर. एकच रात्र राहिलात तर १८५० च्या आसपास येतं, आणि दीड हजारवाल्यांनी वर साडेतीनशे काढायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. सोमवारची लेक्चरं बुडवायची तयारी असेल तर शनिवार-रविवारऐवजी रविवारी निघा. परतणाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात आणि घासाघीस करता येते. (अटेंडन्सचा हिशेब ज्याने त्याने करावा.)

तिथली देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, थेट समुद्रालगत जाते. ती फक्त ओहोटीत करायची. भरतीत अचानक आलेल्या लाटेने इथे माणसं ओढली गेली आहेत. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. हा अंदाज तासाभराने चुकू शकतो, म्हणून उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच. पावसाळ्यात ही वाट सोडूनच द्या.

पैसे भरण्याआधी आणखी एक शक्यता धरून चला: आदल्या रात्री एखादा गळतोच. राजमाचीला दर माणशी असतो, त्यामुळे सहाचे पाच झाले तरी रिक्षाचे चार पैसे सोडले तर इतरांना काही फरक पडत नाही. हरिहरेश्वरला मात्र पाच जणांनाही दोनच खोल्या लागतात, आणि तेच आठ हजार पाचांत वाटले की माणशी १६०० होतात. तीनच उरले तर एक खोली कमी करता येईल, पण जोडसुट्टीत दिलेला ॲडव्हान्स सहसा परत मिळत नाही. म्हणून किनारा ठरवलात तर खोलीचा वाटा प्रत्येकाकडून बुकिंगच्या दिवशीच घ्या, आणि गळणाऱ्याला तो परत मिळणार नाही हे तेव्हाच सांगून ठेवा.