सपाट प्लेटवरची बाउंडरी लेयर: लॅमिनार धरायची, टर्ब्युलंट धरायची, की दोन्ही जोडून?

प्लेटवरचं पृष्ठघर्षण काढायला बसलं की गणिताच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो: बाउंडरी लेयर पूर्ण लॅमिनार मानायची, पहिल्या कडेपासूनच टर्ब्युलंट मानायची, की अर्धी अशी आणि अर्धी तशी? सूत्रं तिन्हींची तयार आहेत. पण एकाच प्लेटवर त्यांची उत्तरं एकमेकांपासून इतकी लांब जातात की निवड चुकली तर पुढचं काटेकोर गणित वाया जातं.

एक साधं उदाहरण घेऊ. हवा २० अंश सेल्सिअसची, वेग १५ मी/से, प्लेट १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद, घर्षण फक्त एका बाजूचं. किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 1.5×10⁻⁵ मी²/से धरली की प्लेटच्या शेवटी रेनॉल्ड्स आकडा बरोबर १० लाख येतो. हा आकडा मी मुद्दाम निवडलाय, कारण खरी अडचण इथेच होते. घनता १.२ किग्रॅ/मी³ धरली तर डायनॅमिक प्रेशर १३५ पास्कल.

```
लॅमिनार:    δ = 5x/√Re_x            Cf = 1.328/√Re_L
टर्ब्युलंट:  δ = 0.37x/Re_x^(1/5)    Cf = 0.074/Re_L^(1/5)
मिश्र:       Cf = 0.074/Re_L^(1/5) − 1742/Re_L
```

पहिली ओळ ब्लासियसने १९०८ मध्ये दिलेल्या उत्तरातून येते. दुसरी १/७ घातांकाच्या वेगवक्रावर आणि मोजमापांवर उभी आहे, म्हणून ती साधारण १ कोटी रेनॉल्ड्स आकड्यापर्यंतच वापरावी. तिसरीतला १७४२ हा आकडा ट्रान्झिशन ५ लाखांवर होतं असं धरून काढलेला आहे. हे गृहीतक पुष्कळदा विसरलं जातं.

| गृहीतक | शेवटी जाडी | घर्षणबल |
|---|---|---|
| पूर्ण लॅमिनार | ५ मिमी | ०.१८ न्यूटन |
| मिश्र, ट्रान्झिशन ५ लाखांवर | सुमारे १६ मिमी | ०.४० न्यूटन |
| पूर्ण टर्ब्युलंट | २३ मिमी | ०.६३ न्यूटन |

पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात साडेतीन पटींचा फरक आहे. नव्याने शिकणारा इथे हमखास अडखळतो: जाड लेयर म्हणजे वेग हळूहळू वाढणार, मग घर्षण कमी यायला हवं ना? लॅमिनार लेयरपुरतं ते खरं आहे. प्लेटवर जसजसं मागे जावं तसतशी ती जाड होते आणि घर्षण उतरतं. टर्ब्युलंट लेयरमध्ये मात्र भोवरे बाहेरची वेगवान हवा सतत आत, भिंतीपाशी आणून टाकतात. आपल्या प्लेटच्या शेवटी पृष्ठभागापासून फक्त अर्धा मिलिमीटर वर बघा. लॅमिनार लेयरमध्ये तिथला वेग अडीच मी/से असतो, टर्ब्युलंटमध्ये साधारण आठ. घर्षण ठरतं ते भिंतीला चिकटलेल्या या पातळ थरात. वरची जाडी किती आहे त्यावर ते ठरत नाही.

आता मिश्र गृहीतक. ५ लाख हा आकडा आपल्या प्लेटवर बरोबर मध्यावर, ५० सेंटीमीटरवर येतो. तिथे लॅमिनार लेयर साडेतीन मिलिमीटर जाड असते, आणि टर्ब्युलंटचं सूत्र त्याच जागी १३ मिमी सांगतं. म्हणून काही जण आलेखात उभी उडी काढतात. ती चूक आहे. तोवर हवेने गमावलेला संवेग एका जागी एकाएकी बदलू शकत नाही, म्हणजे मोमेंटम थिकनेस तिथे सलग राहायला हवी. ती ०.४७ मिमी धरून जुळवलं की नवी टर्ब्युलंट लेयर ३६ सेंटीमीटरच्या आसपास सुरू झाल्यासारखी वागते, आणि जाडी साडेतीनवरून जेमतेम पाचाच्या घरात जाते. उडी असते ती स्थानिक घर्षणात. याच जुळवणीने प्लेटच्या शेवटची १६ मिमी जाडी मिळते. बल मात्र ०.४३ न्यूटन येतं, वजाबाकीच्या सूत्रापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी जास्त. दोन्ही पद्धती अंदाजाच्याच आहेत. जाडीही हवी असेल तर मी जुळवणीची पद्धत घेतो.

पण खरा प्रश्न पद्धतीचा नाही, ५ लाखांचा आहे. हा काही निसर्गाचा स्थिरांक नव्हे. लॅमिनार लेयरमध्ये टॉलमीन–श्लिश्टिंग लाटा वाढायला ९० हजारांच्या आसपासच सुरुवात होऊ शकते. त्या वाढून लेयर फुटायला किती अंतर लागेल, हे सुरुवातीला त्यांना किती धक्का मिळाला यावर अवलंबून असतं. १९४० च्या दशकात शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी विंड टनेलमधल्या हवेची खळबळ ०.०८ टक्क्यांखाली आणली, तेव्हा ट्रान्झिशन २८ लाखांपर्यंत लांबलं. तशा हवेत आपली अख्खी प्लेट लॅमिनार राहील. उलट हवा खळबळीची असेल आणि ट्रान्झिशन ३ लाखांवर झालं, तर वजाबाकीच्या सूत्रात १७४२ ऐवजी सुमारे १०५५ येतात आणि बल ०.४९ न्यूटनवर जातं. प्लेट तीच, वेग तोच, आणि उत्तर ०.१८ पासून ०.४९ पर्यंत कुठेही.

मोजमापात हे कसं ओळखायचं? टोक चपटं केलेली बारीक पिटो नळी प्लेटला टेकवून पुढून मागे सरकवत न्यावी. लॅमिनार भागात दाब हळूहळू उतरत जातो आणि ट्रान्झिशनपाशी झपकन वर चढतो. त्याच नळीला स्टेथोस्कोप जोडून मी पहिल्यांदा ऐकलं तो अनुभव मनात पक्का बसलाय: पुढे जवळपास शांतता, मग अधूनमधून फटफट, ती दाट होत होत शेवटी सलग घरघर. ती तुटक फटफट म्हणजे टर्ब्युलंट ठिपके सरकत जात असतात. आवाज पहिल्या कडेपासूनच घरघरता आला, तर कड बोथट आहे का किंवा प्लेट किंचित तिरकी बसलीय का ते आधी तपासा. कडेवर लेयर सुटून पुन्हा चिकटत असेल तर ५ लाखांचा काही संबंधच उरत नाही. रुंदीभर सारखा आवाज नसून एका पट्ट्यातच असेल, तर त्या पट्ट्याच्या टोकाशी धुळीचा कण किंवा दाब मोजायच्या भोकाची खरबरीत कड सापडते.

निवड करताना मी असं करतो. रेनॉल्ड्स आकडा १ लाखाच्या खाली आणि कड धारदार असेल तर लॅमिनार. १ कोटीच्या जवळ असेल तर पूर्ण टर्ब्युलंट, कारण तिथे लॅमिनार तुकड्याची दुरुस्ती सहा टक्क्यांच्या आसपासच उरते. मधल्या पट्ट्यात डिझाइनसाठी टर्ब्युलंटचा वरचा आकडा घ्यावा आणि लॅमिनारचा आकडा खालची मर्यादा म्हणून शेजारी लिहावा.

मोजमाप करायचं असेल तर ट्रान्झिशन नशिबावर सोडू नका, स्वतः लादा. आपल्या प्लेटवर कडेपासून १० सेंटीमीटरवर खरकागदाची अरुंद पट्टी लावायची असेल तर कण सुमारे ०.८ मिमी उंच हवेत. कणाची उंची आणि त्या उंचीवरचा वेग धरून काढलेला रेनॉल्ड्स आकडा तेव्हा ६०० च्या आसपास जातो. मग घर्षण ०.५९ न्यूटनच्या जवळ येतं, आणि पट्टीचा स्वतःचा ड्रॅग त्यात वेगळा मिळतो. तो वजा करायला पिटोने शेवटची मोमेंटम थिकनेस मोजा आणि पट्टीच्या लगेच मागे व लगेच पुढे मोजलेल्या मोमेंटम थिकनेसमधला फरक त्यातून वजा करा.